विराम आत की बाहेर?

इंग्रजीत अवतरणचिन्हाशेजारचा स्वल्पविराम वा पूर्णविराम आत द्यावा की बाहेर, याविषयी दोन परंपरा आहेत. अमेरिकन मुद्रक ही दोन्ही चिन्हे सरसकट आत ठेवतात. ऑक्सफर्डच्या छापखान्याचा प्रघात निराळा: मूळ वाक्यातले चिन्ह तेवढे आत, लेखकाने घातलेले बाहेर. फाउलर यांनीही याच तर्काची बाजू घेतली.

‘द रिव्हर इज डीप.’ हे वाक्य पाहा. ‘रिव्हर’पुढे मुळात विराम नाही. म्हणून ऑक्सफर्डच्या रीतीने: ‘द रिव्हर’, ही सेड, ‘इज डीप.’ पण वाक्य ‘नो, द रिव्हर इज डीप.’ असे असेल, तर स्वल्पविराम बोलणाऱ्याचाच आहे. तो आत येतो: ‘नो,’ ही सेड, ‘द रिव्हर इज डीप.’ संवादापुरता हा भेद क्षुल्लक आहे. इंग्लंडमधील कादंबऱ्याही बहुधा दोन्ही स्वल्पविराम आतच छापतात.

दस्तऐवजाचा उतारा देताना मात्र तो क्षुल्लक राहत नाही. ‘द टेनंट शॅल पे द रेंट.’ असे छापले, की खंड देण्याची अट तेथेच संपली असे वाटते. मुळात पुढे ‘अनलेस द क्रॉप फेल्स’ असेल, तर कुळाची सवलतच नाहीशी झाली! पूर्णविराम बाहेर असता, तर वाक्य तोडले असावे ही शंका वाचकास आली असती. अमेरिकन पद्धतीच्या छपाईत ही खूण मिळत नाही. तेथे मूळ दस्तऐवजच उघडून पाहावा लागतो.