बिंदूंच्या पसाऱ्यातून इमारतीची दिशा

चेंबूरच्या टिळकनगरसारख्या जुन्या वसाहतींचा पुनर्विकास सुरू झाला की अस्तित्वातील इमारतींची मोजणी नव्याने करावी लागते. ही मोजणी आता लेझर किरणांनी किंवा ड्रोनने काढलेल्या छायाचित्रांवरून होऊ शकते. त्यातून हाती येतो तो नकाशा नसून लाखो सुट्या बिंदूंचा पसारा, ज्याला या क्षेत्रात पॉइंट क्लाउड म्हणतात. एका सपाट गच्चीचे बिंदू बाजूला काढले तर त्यांची उंची जवळजवळ सारखी असते, त्यामुळे ती सोडून देता येते आणि प्रत्येक बिंदूसाठी पूर्वेकडील अंतर x व उत्तरेकडील अंतर y एवढेच उरते. गच्चीऐवजी उतरते छप्पर असेल तर पुढे सांगितलेली रीतच तिन्ही दिशांना लावतात. तेव्हा ज्या दिशेत बिंदू सर्वांत कमी पसरलेले असतात ती छपराच्या प्रतलाला लंब ठरते आणि उरलेले काम त्या प्रतलात करता येते.

अशा बिंदूंभोवती आयत काढायचा, तर सर्वांत सोपा मार्ग x आणि y यांच्या किमान व कमाल किमती घेण्याचा आहे. तो आयत मात्र नेहमी उत्तर-दक्षिण बसतो, आणि इमारत तिरकी असेल तर तिच्या चारही कोपऱ्यांबाहेरची मोकळी जागाही गिळतो. इमारतीच्या स्वतःच्या दिशेने वळवलेला आयत हवा असेल, तर आधी ती दिशा बिंदूंमधूनच शोधावी लागते.

यासाठी कोव्हेरियन्स मॅट्रिक्स वापरतात. सर्व बिंदूंची सरासरी काढून प्रत्येक बिंदूचे तिच्यापासूनचे विचलन घेतले, तर x विचलनांच्या वर्गांची सरासरी पूर्व-पश्चिम पसारा सांगते, y विचलनांच्या वर्गांची सरासरी उत्तर-दक्षिण पसारा सांगते, आणि दोहोंच्या गुणाकारांची सरासरी, म्हणजे कोव्हेरियन्स, एका दिशेने सरकताना बिंदू दुसऱ्या दिशेने किती सरकतात हे दाखवते. हे आकडे दोन ओळी व दोन स्तंभांत मांडले की मॅट्रिक्स तयार होते. ज्या दिशेवर बिंदूंचा पसारा सर्वाधिक असतो ती या मॅट्रिक्सचा मुख्य आयगेनव्हेक्टर असते, आणि त्या दिशेतील पसाऱ्याचे मूल्य ही तिची आयगेनव्हॅल्यू. बिंदूंना सर्वांत जवळून जाणारी रेषा म्हणून याच दिशेचा विचार कार्ल पिअर्सन यांनी १९०१ मध्ये मांडला होता.

उदाहरणादाखल एका गच्चीचे चार कोपरे मीटरमध्ये (२५, ३०), (३१, २२), (१५, १०) आणि (९, १८) असे मानले, तर सरासरी (२०, २०) येते आणि विचलने (५, १०), (११, २), (−५, −१०), (−११, −२) अशी मिळतात. x च्या वर्गांची सरासरी ७३, y च्या वर्गांची ५२ आणि गुणाकारांची ३६. समतलात दिशेचा कोन काढायला एकच सूत्र पुरते:

```
theta = 0.5 * atan2(2*Cxy, Cxx - Cyy)
      = 0.5 * atan2(72, 21) = 36.87°
```

या कोनाची दिशा (०.८, ०.६) आहे आणि आयगेनव्हॅल्यू १०० व २५ आहेत. प्रत्येक विचलनाचा या दिशेवर आणि तिच्या लंब दिशेवर प्रक्षेप घेतला, तर पहिल्या दिशेत किमती −१० ते १० आणि दुसरीत −५ ते ५ भरतात; म्हणजे गच्ची २० मीटर लांब व १० मीटर रुंद आहे आणि तिचे क्षेत्रफळ २०० चौरस मीटर आहे. उत्तर-दक्षिण बसवलेला आयत याच चार कोपऱ्यांभोवती २२ गुणिले २०, म्हणजे ४४० चौरस मीटरचा झाला असता. आयताचा मध्य प्रक्षेपांच्या किमान व कमाल किमतींच्या मध्यावर घ्यायचा असतो, बिंदूंच्या सरासरीवर नव्हे, हे येथे विशेष लक्षात ठेवले पाहिजे. या उदाहरणात दोन्ही एकच आले ते केवळ बिंदू सममित असल्यामुळे.

खरी अडचण तेव्हा येते जेव्हा बिंदू सारख्या दाटीने पडलेले नसतात. गच्चीचा एक कोपरा मोजणी यंत्राच्या जवळ असला, तर तेथे बिंदूंची गर्दी होते. वरील उदाहरणात (२५, ३०) या कोपऱ्यावर आणखी चार बिंदू पडले असे धरले, तर इमारतीची कड तसूभरही हललेली नसताना सरासरी (२२.५, २५) वर सरकते, मॅट्रिक्समधील आकडे ४२.७५, ५१ व ३०.५ होतात आणि कोन ४८.८५ अंश येतो. दिशा जवळजवळ १२ अंशांनी चुकली, आणि त्या दिशेने काढलेला आयत सुमारे ३०१ चौरस मीटरचा, म्हणजे मूळ क्षेत्रफळाच्या दीडपट झाला. कोव्हेरियन्स मॅट्रिक्स आकार मोजत नाही, बिंदूंची वाटणी मोजते, आणि या रीतीतील बहुतेक चुकांचे मूळ येथेच आहे.

ही चूक ओळखण्याची खूण आकड्यांतच असते. आयत सारख्या दाटीने भरलेला असेल तर प्रत्येक दिशेतील आयगेनव्हॅल्यू ही त्या बाजूच्या लांबीच्या वर्गाचा बारावा भाग असते. म्हणून आयगेनव्हॅल्यूला बाराने गुणून वर्गमूळ घ्यावे आणि प्रक्षेपांवरून मोजलेल्या लांबीशी ताडून पाहावे. दोन्ही जुळत नसतील, किंवा बिंदूंची सरासरी आयताच्या मध्यापासून दूर असेल, तर आलेल्या कोनावर विसंबू नये.

दाटी सारखी असूनही रीत फसते अशी दोन रूपे आहेत. गच्ची चौरस असेल तर दोन्ही आयगेनव्हॅल्यू सारख्या येतात, मुख्य दिशा अशी काही उरतच नाही, आणि संगणक जो कोन देतो तो केवळ मोजणीतील किरकोळ त्रुटींचा असतो. सारख्या भुजांच्या एल आकाराच्या इमारतीत सममितीचा अक्ष कर्णावर पडतो, त्यामुळे आयत भिंतींशी ४५ अंशांत वळतो, जरी प्रत्येक भिंत अगदी स्पष्ट मोजलेली असली तरी.

दाटीच्या दोषावरचा उपाय असा की आधी बिंदूंचे बहिर्वक्र कवच, म्हणजे ताणलेल्या दोरीने सर्व बिंदूंना वेढले असता जो बहुभुज तयार होईल तो, काढावा आणि त्याच्या क्षेत्रफळावरून, त्रिकोणांत विभागून, मॅट्रिक्स काढावी. मग आतील गर्दीला काहीच वजन राहत नाही. गॉटशाल्क, लिन आणि मनोचा यांनी १९९६ मध्ये टक्कर शोधण्यासाठी मांडलेल्या रीतीतही कवचाच्या पृष्ठभागाचाच आधार घेतला होता. दिशाच नको, लहानात लहान आयत हवा असेल तर त्याची एक बाजू कवचाच्या एखाद्या कडेवर असतेच, हे फ्रीमन व शपिरा यांनी १९७५ मध्ये सिद्ध केले. त्यामुळे कवचाच्या कडा एकेक करून तपासल्या की चौरस व एल आकाराच्या इमारतीही नीट बसतात. मात्र एकच चुकार बिंदू, जसे गच्चीवरच्या अँटेनाचे टोक, कवच बाहेर ओढतो, म्हणून तसे बिंदू आधी काढून टाकणे अटळ असते.

एक सूचना चेंबूरच्या बिंदूंपुरती. सर्वेक्षणात वापरल्या जाणाऱ्या यूटीएम निर्देशांकांत येथील उत्तर-अंतर सुमारे २१ लाख मीटर असते, आणि ३२ बिटांच्या फ्लोटिंग-पॉइंट संख्येत एवढ्या आकड्याच्या शेजारचा आकडा थेट पाव मीटरवर येतो. म्हणून फाइल उघडताच, ६४ बिटांत असतानाच, प्रत्येक बिंदूमधून गच्चीजवळच्या एका ठरावीक बिंदूचे निर्देशांक वजा करावेत आणि मगच पुढची गणिते करावीत. वजाबाकी उशिरा केली तर भिंतीची जाडी आधीच हरवलेली असते आणि ती कोणत्याही मॅट्रिक्सने परत मिळत नाही.