पाव किलोची शेव आणि किलोची शेव

देवासच्या किंवा धारच्या बाजारात शेवेचे दोन पुडे मांडलेले असतात, एक पाव किलोचा, एक किलोचा. चार लहान पुड्यांपेक्षा मोठा पुडा स्वस्त पडतो. तो कितीनं स्वस्त ठेवायचा, एवढंच आज हिशेब मांडून पाहू. आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत.

दुकानदाराला पाव किलो शेव ४० रुपयांना पडते. दोघांच्या घराला पहिला पाव ७० रुपयांचा वाटतो, दुसरा ४५ चा. दहा माणसांच्या घराला चार पाव अनुक्रमे ९०, ८०, ६५ आणि ५० रुपयांचे वाटतात, म्हणजे किलोला २८५. कोण कुठल्या घरचा, हे दुकानदाराला दिसत नाही. म्हणून भाव माणसाला न लावता पुड्याला लावायचा. अर्थशास्त्रात याला दुसऱ्या दर्जाचा किंमतभेद म्हणतात. दर्जांची ही विभागणी अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली केली.

लहान पुडा ७० ला ठेवला. मग किलोचे २८५ घेता येतील का? नाही. मोठ्या घरचा माणूस ७० चे दोन पुडे उचलेल. त्याला १७० ची शेव १४० त मिळते, ३० रुपये वाचतात. तेवढी बचत किलोच्या पुड्यातही हवी, म्हणून २५५ ही त्याची कमाल किंमत. मोठे पुडे पडून राहिले आणि एकेक गिऱ्हाईक दोन-दोन लहान पुडे नेऊ लागलं, तर समजावं की किलोचा भाव चढा लागला आहे.

आता लहान घराला दुसरा पावही परवडतो, मग लहान पुडा अर्धा किलोचा करून ११५ ला का देऊ नये? त्यातून दुकानदाराला पाच रुपये जास्त मिळतील. पण मोठ्या घराला तोच पुडा १७० चा वाटतो, त्याची बचत ५५ होते आणि किलोचा भाव २३० वर उतरवावा लागतो. पाचासाठी पंचवीस जातात. म्हणून लहान पुडा मुद्दाम लहान ठेवला जातो, लहान घराची थोडी भूक शिल्लक ठेवून. मला यातली हीच गोष्ट बोचते. एका मोठ्या घरामागे पाचांहून जास्त लहान घरं असतील तरच अर्धा किलो परवडतो. उलट मोठी घरंच जास्त असतील, तर लहान पुडा काढून टाकणं दुकानदाराच्या फायद्याचं ठरतं, आणि दोघांचं घर रिकाम्या हातानं परततं.

या हिशेबाला एक भोक आहे. चार शेजारणींनी मिळून २५५ चा पुडा आणून वाटून घेतला, तर प्रत्येकीचे सव्वासहा रुपये वाचतात. शेव वाटता येते. देवासहून इंदूरला रोज जाणाऱ्यांचा रेल्वेचा मासिक पासही असाच घाऊक पुडा आहे, पण तो एकाच्याच नावावर असतो, दुसऱ्याला चालत नाही.