कापसाच्या गावातले मोजे

फुलसावंगीसारख्या कापूस पिकवणाऱ्या गावात हे सांगणे थोडे विचित्र वाटेल, पण धावण्यासाठी निव्वळ सुती मोजे घेऊ नका. पोलीस भरतीसाठी पहाटे सोळाशे मीटरचा सराव करणारी मुले माझ्याकडे पायाचे फोड घेऊन येतात. त्यांतल्या बहुतेकांच्या पायांत जाड सुती मोजेच असतात. सूत घाम शोषते, पण सोडत नाही. ओल्या मोज्यात कातडी मऊ पडते, घर्षण वाढते, कातडीचे थर आतून सुटतात आणि त्या जागी पाणी भरते. हाच फोड. पॉलिस्टर किंवा नायलॉनचे प्रमाण जास्त असलेला मोजा लवकर वाळतो. त्याची टाच पायाच्या टाचेवर नीट बसली पाहिजे आणि बोटांवरची शिवण हाताला टोचता कामा नये.

फोड कुठे आला हेही पाहावे. मध्यंतरी आलेल्या एका मुलाला दोन्ही टाचांच्या मागे फोड होते. बूट मापाचे होते, पण वरची भोके मोकळी सोडून तो लेस बांधायचा, त्यामुळे प्रत्येक पावलाला टाच वरखाली होई. त्याला शेवटच्या भोकापर्यंत लेस ओवायला सांगितली. फोड बोटांच्या टोकांना असता तर बूट आखूड आहे, असे मी म्हटले असते. लहान फोड फोडू नये, वरची कातडी हेच त्याचे उत्तम झाकण. मधुमेह असेल तर घरी सुई लावूच नये.

त्याच मुलाच्या करंगळीशेजारच्या बेचक्यात कातडी पांढरी, ओलसर झाली होती आणि खाज होती. आपण याला चिखल्या म्हणतो. चिखलात न जाताही त्या होतात, कारण बंद बुटात बुरशीला हवी ती ऊब आणि ओल मिळते. त्याने दुकानातून आणलेल्या मलमात स्टेरॉइड होते. खाज दोन दिवसांत थांबली, पण बुरशी पसरत गेली. अशी मिश्र मलमे डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नयेत. साधे क्लोट्रिमॅझोल दिवसातून दोनदा, साधारण चार आठवडे लावावे लागते. बरे वाटले म्हणून मध्येच सोडले की दुखणे परत येते. आणि कपडे घालताना आधी मोजे, मग चड्डी. नाहीतर पायाची बुरशी जांघेत जाऊन गजकर्ण होते.

वासाचे म्हणाल तर घामाला स्वतःचा फारसा वास नसतो, जिवाणू तो तयार करतात. इथे मात्र सूत बरे, पॉलिस्टर वास धरून ठेवते. म्हणून असे मोजे रोज उलटे करून धुवावेत आणि उन्हात वाळवावेत. बुटांतले आतले तळवेही काढून वाळत घालावेत. पावसाळ्यात एका रात्रीत बूट वाळत नाही, तेव्हा त्यात जुने वर्तमानपत्र कोंबून ठेवा आणि ओले झाले की बदला.