तीन कागदांची साक्ष
(वार्षिक सभेत हिशेब विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



अहवालातील जमाखर्चाच्या पत्रकात ‘औषधे व शस्त्रक्रिया साहित्य’ अशी एक ओळ असते. त्या ओळीतील प्रत्येक रुपया पुरवठादाराच्या हाती जाण्यापूर्वी कोणत्या वाटेने जातो, हे आज आपणापुढे मांडावयाचे आहे. ही वाट तीन कागदांवरून जाते. पहिला कागद खरेदी आदेश, ज्याला आम्ही पीओ म्हणतो. काय, किती, कोणत्या दराने आणि कोणत्या अटींवर हवे, हे त्यात लिहिलेले असते. दुसरा कागद माल आल्यावर स्टोअरमध्ये तयार होणारी आवक नोंद, म्हणजे जीआरएन. प्रत्यक्षात काय व किती हाती आले, हे ती सांगते. तिसरा कागद पुरवठादाराचे देयक. हे तिन्ही एकमेकांशी जुळल्याखेरीज धनादेशावर सही होऊ नये, असा हा नियम आहे.

ऐकताना हे काम सोपे वाटते. नियम मोडतो कोठे, हे एका उदाहरणावरून पाहू. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत, पण असे देयक कोणत्याही रुग्णालयाच्या टेबलावर येऊ शकते.

समजा, एका प्रतिजैविक इंजेक्शनच्या १००० कुप्यांचा आदेश दिला. दर कुपीमागे २२ रुपये ठरला आणि दर दहा कुप्यांवर एक कुपी विनामूल्य मिळेल, असेही ठरले. औषधांच्या घाऊक व्यापारात अशी ‘स्कीम’ नेहमीची आहे. म्हणजे ११०० कुप्या यावयाच्या आणि पैसे १००० कुप्यांचे द्यावयाचे. मूळ रक्कम २२,००० रुपये. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवर ५ टक्के जीएसटी आहे, तो धरून एकूण २३,१०० रुपये. रुग्णालयाच्या उपचारसेवेवर जीएसटी नसल्यामुळे दाखल रुग्णांच्या औषधांवर भरलेल्या कराची वजावट आपल्याला मिळत नाही. तो कर हा आपला खर्चच असतो. तेव्हा २३,१०० भागिले ११००, म्हणजे एक कुपी आपल्याला २१ रुपयांना पडते.

आता भिवंडीच्या गोदामातून टेम्पो निघतो, मुलुंडचा चेकनाका ओलांडून रुग्णालयाच्या दारी येतो आणि खोकी उतरतात. आवक नोंदीत १००० कुप्या लागतात. देयकातही १००० कुप्या, दर २२ रुपये, एकूण २३,१०० रुपये. हिशेबनीस आदेश उघडतो. संख्या १०००, दर २२. सारे जुळले, असे म्हणून तो देयक मंजूर करतो. पण विनामूल्य यावयाच्या १०० कुप्या कोठे आहेत? त्या ना देयकात आहेत, ना आवक नोंदीत. त्यांचा उल्लेख केवळ आदेशाच्या अटींमध्ये आहे, आणि ज्याने फक्त संख्या व दर ताडून पाहिले त्याच्या नजरेस त्या पडणार नाहीत. कुपीची खरी किंमत २१ रुपयांवरून २३ रुपये १० पैसे झाली, आणि एकाही कागदावर चुकीचा आकडा नाही.

दोन रुपये दहा पैशांचा हा फरक कोणाच्या अंगावर पडतो, हे येथे बसलेल्या नातेवाइकांनी ध्यानात घ्यावे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ अअ खाली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना १ सप्टेंबर २००६ पासून लागू आहे. तिच्यानुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात. निर्धनांच्या उपचारासाठी एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा करावी लागते. या रुग्णांच्या बिलात औषधे व साहित्य रुग्णालयाच्या खरेदी किमतीने लावावयाचे असते. ती खरेदी किंमत कोठून येते? याच तीन कागदांतून. वरच्या इंजेक्शनच्या १४ कुप्या लागल्या, तर बिलात २९४ रुपयांऐवजी ३२३ रुपये ४० पैसे लागतील. दुर्बल घटकातील कुटुंबाच्या बिलात ही वाढ येईल, आणि निर्धन रुग्णाच्या बाबतीत त्या निधीतून तेवढी अधिक रक्कम निघून जाईल.

म्हणून आमच्या मते स्कीमची अट आदेशाच्या तळटीपेत न राहता स्वतंत्र ओळीत यावी : ‘विनामूल्य १०० कुप्या, दर शून्य’. आवक नोंदीतही तीच ओळ असावी. ती रिकामी राहिली की देयक आपोआप अडते. त्यानंतर दोन मार्ग उरतात. राहिलेल्या कुप्या मागवून घेणे, किंवा त्यांच्या किमतीची क्रेडिट नोट पुरवठादाराकडून घेणे. दोन्ही होईपर्यंत तेवढी रक्कम राखून उरलेले देयक चुकते करता येते. संपूर्ण देयक अडवून ठेवण्याचे कारण नसते.

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळू. तीन कागदांचे मोल ते तीन असण्यात नाही. ते तीन निरनिराळ्या हातांनी, एकमेकांकडे न पाहता लिहिले असतील, तरच त्यांच्या जुळण्याला अर्थ आहे. न्यायालयात तीन साक्षीदार एकच जबानी देतात आणि पुढे कळते की दोघांनी ती तिसऱ्याच्या वहीतून उतरवून घेतली, तर साक्ष एकाचीच उरते. स्टोअरमध्ये हे घडणे फार सोपे आहे. संध्याकाळी चार टेम्पो एकदम आले, मोजायला एकच माणूस आहे, आणि खोक्यासोबत देयक चिकटवलेले आहे. अशा वेळी खोके न उघडताच देयकातील आकडे आवक नोंदीत उतरतात. जुळणी शंभर टक्के होते, पण ती देयकाची देयकाशीच झालेली जुळणी असते.

यावर एक जुना उपाय आहे. स्टोअरला आदेशाची जी प्रत द्यावयाची, तिच्यात मालाचे नाव असावे, संख्येचा रकाना मात्र कोरा ठेवावा. देयक थेट हिशेब विभागाकडे जावे. माल घेणाऱ्याला मोजल्याशिवाय आकडा लिहिताच येऊ नये. मोजताना फुटलेल्या कुप्या वेगळ्या लिहाव्यात, आणि प्रत्येक बॅचचा क्रमांक व मुदतीची तारीख खोक्यावरून नव्हे तर कुपीवरून उतरवावी. घाऊक विक्रेत्याच्या देयकावरही बॅच क्रमांक असतो. दोन्ही क्रमांक वेगळे निघाले, तर पैशांचा फरक शून्य असूनही देयक थांबले पाहिजे. पुढे एखादी बॅच परत मागवली गेली, किंवा मुदत संपलेला माल परत करावयाचा झाला, तर त्या क्रमांकावाचून आपल्या हाती काहीच नसते.

काही खरेदी या साच्यात बसत नाही. अस्थिशल्यक्रियेत कोणत्या मापाचा स्क्रू लागेल, हे शस्त्रक्रियेच्या टेबलावरच ठरते. पुरवठादार सगळी मापे पाठवतो, वापरलेली ठेवून घेतली जातात, बाकीची परत जातात आणि आदेश मागाहून निघतो. येथे देयक पाहून आदेश लिहिला, तर पहिला साक्षीदारही गेला. म्हणून दर वर्षाच्या आरंभीच करार करून ठरवावेत, म्हणजे दराची साक्ष देयकाच्या आधीची राहते. संख्येची साक्ष रुग्णाच्या केसपेपरवर चिकटवलेल्या स्टिकरवरून घ्यावी. वेष्टनबंद इम्प्लांटसोबत सहसा ते स्टिकर असते आणि त्यावर त्याचा क्रमांक छापलेला असतो. देयकात सहा स्क्रू आणि केसपेपरवर पाच स्टिकर असतील, तर सहाव्याचे पैसे देऊ नयेत.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉलची भेसळ असलेले ग्लिसरॉल दिल्याने १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. अशा बाटलीवरील नाव आदेशातील नावाशी जुळू शकते, संख्या जुळू शकते, दरही जुळू शकतो. बाटलीत काय आहे, हे तीन कागद सांगत नाहीत. ते त्या बॅचच्या तपासणीचा अहवाल सांगतो. म्हणून तो अहवाल जोडल्याशिवाय आवक नोंद पूर्ण मानू नये, एवढेच हिशेब विभाग करू शकतो. पुढचे काम औषधनिर्मात्याच्या जाणत्या डोळ्याचे आणि प्रयोगशाळेचे आहे.

दुसरी मर्यादा वेळेची आहे. जुळणीच्या नावाखाली देयके महिनोन्‌महिने पडून राहिली, तर तेही अन्यायाचेच. माल बनवणारा सूक्ष्म किंवा लघु उद्योजक असेल, तर २००६ च्या कायद्याप्रमाणे करार काहीही असो, स्वीकृतीपासून ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. तक्रार असल्यास ती माल आल्यापासून १५ दिवसांत लेखी कळवावी लागते. तसे न केल्यास माल आला त्याच दिवशी तो स्वीकारला, असे धरले जाते. म्हणजे मोजणी महिनाअखेरपर्यंत पुढे ढकलणारे स्टोअर आपला तक्रारीचा हक्कच घालवून बसते.

शेवटी, विश्वस्त महोदयांनी दर तिमाहीला आम्हांला तीन प्रश्न विचारावेत, अशी विनंती आहे. किती खरेदी आदेशांवरील तारीख देयकाच्या तारखेनंतरची आहे? किती आवक नोंदींमध्ये तूट, फूट किंवा फरक लिहिलेला आहे? आणि जुळत नाही म्हणून थांबवलेली देयके किती दिवसांपासून थांबली आहेत? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शून्याच्या जवळ असावे. दुसऱ्याचे उत्तर मात्र शून्य आले, तर समाधान मानू नये. काचेच्या हजारो कुप्या मुंबईच्या रस्त्यांवरून येतात आणि तीन महिन्यांत एकही फुटत नाही, असे कागद म्हणू लागला, तर स्टोअरमध्ये कोणी खोके उघडून मोजत नाही, असे समजावे आणि त्याच दिवशी खाली उतरून एक खोके स्वतः मोजावे.