हप्ता चुकणार हे आधी कोण सांगेल?

आम्ही माझगावहून बोलतोय. मुंबईत डॉकयार्ड रोड स्टेशनच्या आसपास, चाळींमधून आणि वस्त्यांमधून बचत गटांचं काम आम्ही करतो. तुमची बैठक समाजमंदिरात नाहीतर कुणाच्या ओसरीवर होत असेल, आमची चाळीच्या गॅलरीत होते, आणि मध्येच कुणीतरी बादली घेऊन वाट काढत जातं. बाकी वही तीच, हप्ता तोच, आणि बैठक संपल्यावर जिन्यात रंगणारी खरी चर्चाही तीच.

आज त्या जिन्यातल्या चर्चेबद्दलच बोलायचं आहे. बैठकीत सगळ्या "हो हो" म्हणतात, आणि बाहेर पडल्यावर एकमेकींच्या कानात वेगळंच सांगतात. हे का होतं?

याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत एमी एडमंडसन नावाच्या बाईंनी १९९०च्या दशकात दवाखान्यातल्या परिचारिकांच्या तुकड्या पाहिल्या. जी तुकडी मिळून-मिसळून चांगलं काम करते, तिच्याकडून औषध देण्यातल्या चुका कमी होत असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटेच निघाले. चांगल्या तुकड्यांमध्ये चुकांची नोंद जास्त होती. खोलात गेल्यावर उलगडलं ते असं, की तिथं चुका लगेच सांगितल्या जात होत्या. जिथं मुख्य बाईंची धास्ती होती, तिथं चूक झाकली जायची आणि कागद स्वच्छ राहायचा. "मी बोलले तर माझा पाणउतारा होणार नाही" हा जो भरवसा, त्याला त्यांनी मानसिक सुरक्षितता म्हटलं. शब्द जड आहे. आम्ही गटात त्याला "बोलायची मुभा" म्हणतो.

आता आमच्या एका गटाची हकिकत ऐका. बारा जणी, महिन्याला २०० रुपये बचत. वही इतकी स्वच्छ, की एकही हप्ता थकलेला नाही. त्यातल्या एक ताई भाऊच्या धक्क्यावरून मासळी घेऊन दारोदार विकतात. त्यांनी जानेवारीत गटातून १२,००० रुपये कर्ज घेतलं. महिन्याला १,००० मुद्दल, आणि उरलेल्या रकमेवर शेकडा १ रुपया व्याज. फेब्रुवारी ते मे चार हप्ते वेळेवर आले. राहिले ८,०००.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. धक्का ओस पडतो. या ताईंची कमाई जवळजवळ बंद. तरी जूनमध्ये १,००० मुद्दल, ८० व्याज आणि २०० बचत असे १,२८० रुपये आले, आणि जुलैत १,२७०. सगळ्यांनी कौतुक केलं. पैसे कुठून आले हे कुणी विचारलं नाही. त्यांनी बाहेरून ३,००० रुपये उचलले होते, महिन्याला शेकडा १० व्याजानं. सप्टेंबरमध्ये ते बाहेर आलं, तेव्हा ९०० रुपये नुसतं व्याज जाऊन ३,००० तसेच उभे होते. गटाला सांगून दोन महिने मुद्दल थांबवलं असतं, तर जादा खर्च आला असता १६० रुपये.

त्यांनी सांगितलं का नाही? अध्यक्षा त्यांना कधी रागावल्या नव्हत्या. पण दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका बाईंना अध्यक्षा भर बैठकीत हसत हसत म्हणाल्या होत्या, "घेताना पुढं, देताना मागं होय गं?" सगळ्या हसल्या, त्या बाईही हसल्या, आणि अध्यक्षा ते विसरूनही गेल्या. बाकी दहा जणींच्या मात्र ते पक्कं लक्षात होतं. भीती बसायला आपल्याला बोलणी बसावी लागत नाहीत, शेजारणीला बसलेली पुरते.

अशी गोष्ट आत शिजत असेल तर ओळखायची कशी? वहीत ती दिसत नाही. माणसांत दिसते. या ताई जुलैपासून बैठकीला येईनाशा झाल्या, पैसे मुलीच्या हाती यायचे. नेहमी हप्ता वेळेवर भरणारी बाई स्वतः यायची थांबली, तर आम्ही आता त्याच आठवड्यात घरी जाऊन येतो, वसुलीला नाही, चहाला. दुसरी खूण आमच्या कागदाच्या मागे असते. बैठकीत कोण बोललं याच्या आम्ही नावापुढे रेघा मारतो. त्या गटात बारापैकी चौघींच्या नावापुढे रेघा होत्या, आणि त्यातल्या तिघी पदाधिकारी होत्या.

मग बदललं काय? पहिलं म्हणजे प्रश्न. "कुणाला काही अडचण आहे का?" असं विचारलं की उत्तर "नाही" असंच येतं, कारण हात वर करणारी एकटी पडते. आता अध्यक्षा म्हणतात, "या महिन्यात कुणाचा पूर्ण हप्ता, कुणाचा अर्धा, कुणाचं नुसतं व्याज?" तिन्ही उत्तरं सारख्याच सुरात विचारायची, आणि बारा जणींनी एकेक करून द्यायची. सुरुवात दाराजवळ बसलेलीपासून. अध्यक्षा शेवटी. त्या आधी बोलल्या की बाकीच्यांचं मत आपोआप त्यांच्या मागं जातं. आणि हे सगळं पैसे गोळा करण्याआधी. नोटा मोजायला लागल्या की बोलणं संपतं.

दुसरा बदल अवघड होता. वाईट बातमी कानावर पडल्यावर पहिलं वाक्य कोणतं निघतं, त्यावर पुढचं सगळं ठरतं. आमच्या अध्यक्षांचा स्वभाव तोंडाळ आणि मनानं साफ. त्यांना "गोड बोला" सांगून उपयोग नव्हता. म्हणून एकच वाक्य ठरवून दिलं : "बरं झालं आधी सांगितलंस. किती जमेल आणि कधी?" पहिल्या दोन बैठकांत ते पाठ केल्यासारखं वाटायचं, बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. तिसऱ्या बैठकीत एकीनं खरंच सांगितलं, की हप्त्यातले ६०० कमी आहेत. अध्यक्षांनी वाक्य म्हटलं, तारीख वहीत गेली, आणि पुढच्या बाईला विचारलं. एवढंच. नंतरच्या बैठकीत रेघा सात जणींपुढे होत्या.

तिसरी गोष्ट, वहीत रक्कम आणि तारीख लिहायची, कारण लिहायचं नाही. एकीनं नवऱ्याच्या दारूचं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी ते नळावर ऐकू आलं, तर ती बाई पुन्हा तोंड उघडणार नाही, आणि तिला बघून आणखी तिघी गप्प होतील. गावात तर जाऊ, नणंद, चुलतसासू एकाच बैठकीत असतात. तिथं तरण्या सुनेला कारण विचारूच नये. "अर्धा" एवढा शब्द पुरे.

गप्प राहण्याचं आणखी एक कारण असतं, ते म्हणजे हिशेब न कळणं. "मला परत सांगा" म्हणायची लाज वाटते. आमच्या शेजारी भायखळ्याला १९८६ साली फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी महिला मिलन उभं केलं. त्यातल्या बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी बचतीसाठी रंगीत कागदाचे तुकडे वापरले. प्रत्येक रंगाची रक्कम ठरलेली, आणि जिचे तुकडे तिच्या पिशवीत. आपले किती झाले, हे विचारायला कुणाकडे जावंच लागत नाही. आम्ही आमच्या गटात तेवढं केलं नाही, पण शेवटी जमा, वाटप आणि शिल्लक मोठ्यानं वाचतो, आणि दर वेळी वेगळी बाई नोटा मोजते. मोजताना चुकलं तर परत मोजायचं, "बघू दे इकडं" म्हणून हातातून घ्यायचं नाही.

आता कुणी म्हणेल, असं केलं तर वसुली बुडेल. रास्त शंका आहे. मुभा बोलायची आहे, न देण्याची नाही. आमच्याकडे एका बाईंनी सलग तीन महिने "नुसतं व्याज" म्हटलं. तेव्हा गटानं नियम केला : दोन महिने सांगून थांबता येईल, तिसऱ्या महिन्याला दोघी जणी घरी जाऊन नवा हप्ता ठरवतील. न सांगता चुकवलं तर दंड, आधी सांगितलं तर दंड नाही. दंड चुकण्याला असला की बायका चुकणं लपवतात. लपवण्यालाच दंड ठेवला की सांगतात.

पुढच्या मे महिन्यात अध्यक्षांनी पहिल्यांदाच विचारलं, "जून-जुलैत कुणाचं कसं आहे?" मासळीवाल्या ताईंनी आणि आणखी दोघींनी सांगितलं, नुसतं व्याज देऊ. महिन्याला ३,००० जमा कमी होणार, हे समोर आलं. पण त्याच जूनमध्ये एकीला मुलाच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी १०,००० हवे होते. तिला ६,००० मिळाले, बाकीचे ऑगस्टमध्ये. ती चिडली. "मी एकही हप्ता चुकवला नाही, मग माझंच काम का अडावं?" असं तोंडावर म्हणाली. बैठक गप्प झाली. अध्यक्षा म्हणाल्या, "प्रश्न बरोबर आहे तुझा." आणि मग तासभर वाद झाला, आवाज चढले, खालच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावून गेलं. आम्हाला ती बैठक त्या गटाची सगळ्यात चांगली बैठक वाटते. त्यातूनच ठरलं, की जानेवारी ते मे दर महिन्याच्या जमेतले १,००० वेगळे ठेवायचे. मेअखेर ५,००० होतात, ते जून-जुलैच्या कर्जाला.

तुमच्याकडे बोटी नसतील, पण पेरणीला बी-खत घ्यायचा महिना असेल, ऊसतोडीला माणसं जायचा महिना असेल. तो महिना यायच्या एक बैठक आधी "पूर्ण, अर्धा की व्याज" हा प्रश्न विचारून बघा. पहिल्या वेळी सगळ्या "पूर्ण" म्हणतील. दुसऱ्या आणि तिसऱ्या बैठकीतही विचारा, तसंच, दाराजवळच्या बाईपासून.