हरलेल्या डावांची वही



जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. तेव्हापासून बुद्धिबळाविषयी विचारणारे पालक बहुधा मुलांसाठीच विचारतात. मी मात्र आज खुद्द पालकांविषयी बोलणार आहे. दिवसभर काम करून रात्री एखादा डाव मांडणाऱ्या माणसाला जाडजूड पुस्तके पाठ करणे जमत नाही. पण त्याच्याजवळ एक भांडवल भरपूर असते, ते म्हणजे हरलेले डाव. १९४८ साली विश्वविजेते झालेले रशियाचे बोटविनिक यांचा आग्रहच असे की, खेळाडूने आपल्या डावांची चिरफाड स्वतः करावी.

ती कशी करावी, हे आपल्या धामणगावच्या एका गृहस्थांच्या वहीवरून सांगतो. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. कापसाच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिण्यात त्यांची हयात गेली. डाव संपला की ते सगळ्या चाली लिहून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी, डोके शांत झाल्यावर, पट मांडून बसतात.

एका डावात चाचांची मोहरी काळी होती. दोघांनीही राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवले. पांढऱ्याने घोडा काढून काळ्या प्याद्यावर रोख धरला. चाचांनीही घोडा काढून पांढऱ्या प्याद्यावर धरला. पांढऱ्या घोड्याने प्यादे मारले, तर चाचांच्या घोड्यानेही लगेच मारले. मग पांढऱ्याने वजीर आपल्या राजाच्या पुढच्या घरात आणला. घोड्यावर मारा आला म्हणून चाचांनी तो आल्या वाटेने मागे नेला. त्यासरशी पांढरा घोडा बाजूला उडी मारून काळ्या वजिरावर चालून गेला, आणि त्याच्या जाण्याने मोकळ्या झालेल्या उभ्या पट्टीतून पांढऱ्या वजिराचा शह बसला. शह निवारावा तर वजीर जातो.

चाचांनी वहीत लिहिले, ‘घोडा मागे नेला ही चूक.’ हे खरे, पण अपुरे आहे. हरलेला डाव शेवटून मागे मागे तपासावा आणि ज्या स्थितीत चांगली चाल अजून शिल्लक होती तिथे थांबावे. घोड्यावर मारा आला तेव्हा वजीर राजापुढे आणला असता, तर पुढे मोहरा परत मिळून एका प्याद्यावर निभावले असते. आणखी एक चाल मागे गेले, तर काहीच जात नव्हते. आधी वजिरापुढचे प्यादे एक घर सरकवून पांढरा घोडा हुसकवायचा आणि मगच प्यादे मारायचे.

दुसरा डाव मधल्या टप्प्यात गेला. चाचांचा किल्लेकोट झालेला, राजाशेजारी हत्ती. समोरच्याने राजाच्या कोपऱ्याकडील प्याद्यावर तिरकी नेम धरलेली, पुढे वजीर आणि मागे उंट. ते प्यादे चाचांच्या घोड्याने राखले होते. घोड्यावर प्यादे चालून आले, घोडा हलला आणि वजिराने मात केली. तिथे घोडा ठेवावा तर मरतो, हलवावा तर मात, अशी स्थिती होती. म्हणजे चूक आधीच्या चालीत! वजीर उंटापुढे उभा राहिला तेव्हाच राजासमोरचे प्यादे एक घर सरकवून तो तिरका रस्ता बंद करायला हवा होता. तिसऱ्या डावात घरच्या ओळीतला हत्ती दूरचे प्यादे मारायला गेला आणि त्या रिकाम्या ओळीत शत्रूचा हत्ती येऊन मात झाली. राजाला बाहेर पडायला खिडकी ठेवलेली नव्हती.

चाचांनी हे तीन डाव तीन वेगळ्या पानांवर मांडले होते: सुरुवात, मध्य आणि शेवट. वाटते बरोबर, पण अशा मांडणीत आजार लपतो. तिन्ही डावांत हललेला मोहरा जागेवर काहीतरी राखत होता किंवा झाकत होता, आणि हलवण्यापूर्वी ते पाहिले गेले नाही. म्हणून खाते कारणाचे उघडावे. हिशेबनीस माणूस, त्यांना हे चटकन पटले. बारा हरलेल्या डावांची फेरमांडणी केली, तर पाच त्या एकाच खात्यात निघाले. मोबाईलमधील बुद्धिबळ चूक कुठे झाली ते क्षणात दाखवते. पण ती चाल सुचली का, हे खेळणाऱ्यालाच आठवते. त्यामुळे आधी आपले कारण लिहावे आणि मग पडताळून पाहावे.

एक मर्यादा सांगितली पाहिजे. पाच-पाच मिनिटांचे डाव या वहीत घेऊ नयेत. तिथली पुष्कळशी चूक घड्याळाची असते आणि खाती उगाच फुगतात. प्रत्येक बाजूला निदान अर्धा तास असलेलेच डाव घ्यावेत. दोन-तीन डावांवरून निदानही करू नये. चाचा आता मोहऱ्याला हात लावण्यापूर्वी, ‘हा इथून गेला तर मागे काय उघडे पडते?’ एवढेच स्वतःला विचारतात. पुढच्या बारा हरलेल्या डावांत त्या खात्यात दोनच डाव पडले. आता नवेच खाते भरू लागले आहे: मोहरा जास्त मिळाला की ते घाईने अदलाबदल करतात, आणि प्याद्यांच्या शेवटात अडकतात.