रात्रीची घरघर : दमा, वावडे आणि आम्ल



वैशाखाचे दिवस आहेत. वारा सुटला की रस्त्यावरची धूळ घरात येते. आणि माळे झाडणे, गाद्या उन्हात टाकणे, वर्षाचे धान्य भरणे ही कामेही आपण याच दिवसांत काढतो. या सुमारास आमच्याकडे येणाऱ्या माणसांचे बोलणे बहुधा एकाच वाक्याने सुरू होते : "डॉक्टर, दिवसा काही नाही, पण रात्री छातीत शिट्या वाजतात आणि उठून बसावे लागते." या एका वाक्याचा अर्थ कसा लावावा, एवढाच आजचा विषय आम्ही घेतला आहे.

अडचण अशी, की या वाक्यामागे तीन निरनिराळी दुखणी असू शकतात. एक दमा, दुसरे धुळीचे वावडे, म्हणजे ज्याला आपण ॲलर्जी म्हणतो ते, आणि तिसरे जठरातील आम्ल उलटून घशाशी येणे. ही तिन्ही एकाच माणसात एकत्र नांदतात आणि एकमेकांचा वेष घेतात. म्हणून 'हा दमा की पित्त?' असा प्रश्न केला तर तो प्रश्नच चुकतो. 'यात दम्याचा वाटा किती आणि पित्ताचा किती?' असे विचारले पाहिजे.

आमच्याकडे आलेल्या एका गृहस्थांची हकीकत, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, सांगतो. वय बेचाळीस. भुसार मालाच्या दुकानात दिवाणजी. विडी-तंबाखू नाही. दोन वर्षांपासून माघ संपला की सकाळी एकामागून एक शिंका, नाक चोंदणे आणि रात्री धाप. त्यासाठी झोपताना थिओफिलीनची एक गोळी आणि धाप लागली की श्वासनळ्या तात्पुरत्या मोकळ्या करणारा पंप, असा त्यांचा क्रम होता. दुकान बंद करून घरी जायला दहा वाजत, साडेदहाला जेवण आणि अकराला अंथरूण. "जाग केव्हा येते?" असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "रात्री, डॉक्टरसाहेब." "रात्री म्हणजे किती वाजता?" हे त्यांना सांगता येईना. तेव्हा आम्ही त्यांना एक वही घालायला सांगितली आणि पीक फ्लो मीटर नावाचे साधे नळकांडे दिले.

हे नळकांडे काय करते? दम्यात श्वासनळीच्या लहान फांद्यांचे अस्तर सुजलेले आणि हळवे झालेले असते. धूळ, थंड हवा, सर्दी असे काही निमित्त झाले की त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळतात. हवा आत जाते, पण बाहेर पडताना अडते आणि शिटी वाजते. पीक फ्लो मीटर ही बाहेर पडणारी हवा किती वेगाने निघते ते मोजते. उभे राहावे, छाती भरून श्वास घ्यावा, ओठ घट्ट मिटून एका दमात जोराने फुंकावे, असे तीन वेळा करून सर्वांत मोठा आकडा लिहावा. सकाळी उठल्यावर औषधापूर्वी आणि पुन्हा संध्याकाळी, असे दोन आठवडे.

सकाळ-संध्याकाळ कशासाठी? निरोगी माणसाच्याही श्वासनळ्या पहाटे चारच्या सुमारास थोड्या आकसतात, कारण त्या मोकळ्या ठेवणारे शरीरातील स्राव तेव्हा उतरलेले असतात. निरोग्याला ते जाणवत नाही. दमेकऱ्याच्या मुळातच सुजलेल्या नळ्या मात्र त्या वेळी मिटू लागतात. म्हणून दम्याची खूण नुसत्या घरघरीत नाही, तर दिवसाच्या चढउतारात आहे. दिवाणजींच्या वहीत एका दिवशी सकाळी २९० आणि संध्याकाळी ३९० असे आकडे होते. फरक १००, सरासरी ३४०. म्हणजे जवळजवळ २९ टक्के. प्रौढ माणसात रोजच्या अशा फरकांची एक-दोन आठवड्यांची सरासरी १० टक्क्यांवर गेली, तर दम्याची शंका बळावते. दवाखान्यातील फुंकण्याच्या यंत्रावर, म्हणजे स्पायरोमीटरवर, औषधापूर्वी आणि औषधानंतर चाचणी घेऊन ती आम्ही पक्की केली.

पण वहीने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. जाग येण्याच्या वेळा दोन निघाल्या. एक पहाटे चार-साडेचारची : छातीत शिट्या, पंप घेतला की वीस मिनिटांत आराम. दुसरी साडेबारा-एकची : ठसका, घशात आंबट पाणी, छातीच्या मध्यभागी जळजळ, आणि पंपाने विशेष फरक नाही. तिसरी गोष्ट अशी, की सोमवारी दुकान बंद असे आणि त्या संध्याकाळचा आकडा नेहमीपेक्षा तीस-चाळीसने वर जाई.

आता साडेबाराच्या जागेचे पाहू. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते. पोट भरलेले असताना आडवे झाले, तर ती सैल झडप ओलांडून आम्ल वर येते. त्याचा कण श्वासनळीत उतरला तर ती चिडते. न उतरला तरी अन्ननलिकेतील मज्जातंतूंच्या वाटेने श्वासनळीला आवळण्याचा इशारा जातो. उलट बाजूनेही तेच घडते. दम्यात श्वास ओढताना छातीत जो ताण येतो तो आम्लाला वर खेचतो. शिवाय थिओफिलीन श्वासनळ्यांबरोबर ही झडपही सैल करते. म्हणजे दिवाणजी धापेसाठी झोपताना घेत होते ती गोळीच मध्यरात्रीच्या ठसक्याला हातभार लावीत असावी.

इथे एक मोह होतो : मग आम्लाचे औषध द्यावे म्हणजे दमाही जाईल! हा मोह वैद्यकालाही बराच काळ होता. २००९ साली अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दमा आटोक्यात नसलेल्या, पण छातीत जळजळ नसलेल्या किंवा अगदी थोडी असलेल्या ४१२ रुग्णांपैकी निम्म्यांना २४ आठवडे आम्ल कमी करणारे जोरदार औषध दिले आणि निम्म्यांना औषधासारखी दिसणारी गोळी. दोन्ही गटांच्या दम्यात फरक पडला नाही. इतकेच नव्हे, तर तपासणीत ज्यांचे आम्ल खरोखर वर येत होते त्यांनाही अधिक फायदा झाला नाही. तात्पर्य असे, की जळजळ आणि आंबट पाणी असेल तर त्यासाठी उपचार जरूर करावा. पण पित्ताची गोळी हे दम्याचे औषध नव्हे.

म्हणून आम्ही क्रम ठरवला, आणि एका वेळी एकच बदल करायचा असे पथ्य ठेवले. नाहीतर गुण कशाने आला हे कळत नाही. पहिली पायरी दम्याची. झोपतानाची गोळी बंद करून सकाळ-संध्याकाळ ओढायचा, सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडचा आणि नळ्या मोकळ्या ठेवणाऱ्या औषधाचा एकत्र पंप, मध्ये प्लॅस्टिकचा डबा, म्हणजे स्पेसर लावून. आणि नंतर खळखळून चूळ. नुसत्या मोकळे करणाऱ्या पंपावर दिवस काढणे धोक्याचे, कारण शिटी थांबते पण सूज आतल्या आत वाढत राहते. सहा आठवड्यांनी आकडे सकाळी ४१०, संध्याकाळी ४४० झाले. फरक सात टक्के. पहाटेची जाग गेली. साडेबाराची कमी झाली, पण राहिली.

दुसरी पायरी तिच्यासाठी. संध्याकाळचा डबा दुकानातच आठ वाजता, म्हणजे जेवण आणि झोप यांत तीन तास. पलंगाच्या उशाकडील पायांखाली सहा इंचांचे ठोकळे. नुसत्या उशा रचून भागत नाही. त्याने मान वाकते आणि पोट दाबले जाते. डाव्या कुशीवर झोपणे. आणि आम्ल कमी करणारी गोळी जेवणापूर्वी अर्धा तास, आठ आठवडे. मध्यरात्रीचा ठसका थांबला. मात्र वहीतील आकडे होते तिथेच राहिले. दम्याचा वाटा आणि आम्लाचा वाटा असा आकड्यांनीच वेगळा करून दाखवला.

तिसरी पायरी वावड्याची. त्वचेवर टोचून केलेल्या चाचणीत धुळीतील माइटचे वावडे निघाले. माइट म्हणजे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा आठ पायांचा जीव. गादीत, उशीत, गोधडीत तो आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतो, दमट हवेत वाढतो. साठवणीच्या धान्यात त्याचे भाऊबंद असतात. उन्हाने तो मरतो, पण त्याची विष्ठा आणि सांगाडे धुळीत उरतात, आणि वावडे मुख्यतः त्यांचेच. म्हणून गादी उन्हात टाकणे ठीक, पण ती बडवण्याचे काम दमेकऱ्याने करू नये. चादरी-अभ्रे आठवड्याला खूप गरम पाण्यात धुवावे, आणि झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावे. दिवाणजींची बैठक पोती उघडण्याच्या जागेपासून हलवून पुढच्या पडवीत नेली आणि नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा दिला. सोमवार आणि इतर वार यांतला फरक निम्म्यावर आला.

हकीकत इथे संपली असती तर बरे होते. पण पावसाळ्यात त्यांना बरे वाटले आणि कोणी सांगितले, "पंपाची सवय लागते." त्यांनी तो बंद केला. वहीत सकाळचा आकडा दहा दिवसांत ४१० वरून ३४० वर आला, आणि तोवर त्यांना काहीच जाणवत नव्हते! बाराव्या रात्री धाप लागली आणि त्यांना इस्पितळात न्यावे लागले. पंपाची सवय लागत नाही. दमा असतो म्हणून पंप लागतो. तो कमी करायचा असेल तर आकडे काही महिने स्थिर राहिल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने, पायरीपायरीने.

दोन इशारे देऊन आम्ही थांबतो. रात्रीची प्रत्येक धाप या तिघांचीच नसते. वय झालेल्या माणसाला आडवे होताच गुदमरत असेल, पाय सुजत असतील, तर आधी हृदय तपासावे. आणि धाप लागलेला माणूस एक वाक्य सलग बोलू शकत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा पंप घेऊनही आराम पडत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. घरघर थांबली पण माणूस थकत चालला आहे, तेव्हा तर मुळीच नाही; ते बरे वाटण्याचे नव्हे, हवा आत-बाहेर न होण्याचे चिन्ह असते.

बाकीच्यांनी उद्यापासून उशाशी एक वही आणि घड्याळ ठेवावे आणि जाग कधी येते, तोंडाला चव कसली असते, नाक चोंदले आहे का, एवढे दोन आठवडे लिहावे. ती वही घेऊन जो रुग्ण येतो त्याचे निम्मे निदान त्याने स्वतःच केलेले असते. आता आम्हीही साडेनऊ वाजवले आहेत. आपण घरी जाऊन जेवणार असाल तर हलके जेवावे, आणि लगेच आडवे होऊ नये, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.